आयडी वेगळी, कमाई वेगळी

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी आमच्या गल्लीतला एक पोट्टा मोबाइल घेऊन दारात उभा राहिला. दोन वर्षांपासून तो अकोल्यातल्या गोरक्षण रोड, जठारपेठ, कौलखेड या भागात जेवणाची पार्सलं पोहोचवतो. शनिवारी रात्री त्याची आयडी बंद झाली होती. स्क्रीनवर एकच ओळ होती: नियमभंगामुळे खातं बंद. कोणता नियम, कोणती ऑर्डर, काहीच नाही. "काका, आयडी गेली त गेली, पन हप्ताभर केलेल्या कामाचे पैसे कावून अडकवले?" त्याच्या या प्रश्नातच अपिलाचा गाभा होता.

त्यानं पहिलं अपील मात्र वेगळंच लिहिलं होतं. आई आजारी आहे, गाडीचा हप्ता थकलाय, एक संधी द्या. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, पण ते वाचून कोणीही काही तपासणार नव्हतं. चार तासांत ठराविक उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं.

आम्ही सोबत बसून नव्यानं लिहिलं आणि दोन मागण्या वेगळ्या केल्या. आयडी हा उद्याच्या कामाचा प्रश्न आहे, कमाई कालच्या कामाची आहे. एका ऑर्डरवर संशय असेल तर त्या ऑर्डरचा वाद घाला. बाकीच्या ऑर्डरी गिऱ्हाइकांनी घेतल्या, कंपनीनं त्यांचे पैसे घेतले, मग पोहोचवणाऱ्याची मजुरी राहते कशी?

आधी हिशेब मांडला. सोमवार ते शनिवार पोहोचवणीचे 4,210 रुपये, रोजच्या टार्गेटचा इन्सेंटिव्ह 600, एकूण 4,810. गिऱ्हाइकांकडून रोख घेतलेले 1,310 रुपये त्याच्याच खिशात होते. ते वजा करून येणं 3,500. ही रोख आपणहून दाखवणं फार गरजेचं. ती लपवली तर पैसे दाबल्याचा नवा आरोप लागतो आणि खरा दावा बुडतो. आठवडाभराचा बोनस आम्ही यात धरला नाही. तो आठवडा पूर्ण झाल्यावरच लागू होतो, म्हणून त्याची मागणी वेगळ्या ओळीत केली. हे आकडे हाती होते, कारण तो रोज रात्री कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो. खातं बंद झालं की ते पान उघडत नाही.

मग संशयाची ऑर्डर शोधली. शुक्रवारी रात्री कौलखेडच्या गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं होतं, पार्सल मागच्या गल्लीत आणून दे. त्यामुळे नकाशावरची खूण एकीकडे आणि 'पोहोचवलं'चं बटण दाबल्याची जागा दुसरीकडे. असा फरक दिसला की यंत्रणेला खोटी डिलिव्हरी वाटू शकते. तो कॉल अ‍ॅपमधूनच झाला होता, म्हणजे नोंद कंपनीकडेच. आम्ही वेळ लिहून दिली आणि म्हटलं, तुमचीच नोंद तपासा.

हे पत्र अ‍ॅपच्या मदत केंद्रासोबत तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेलनं पाठवलं. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांत तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा आहे. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी ठरली होती: नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टनं नोटीस आणि अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्यापूर्वीचं प्रकरण. तिथून ते लोकअदालतीपुढे जातं. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ मिळतं. पण ती दोघांच्या संमतीनंच होते. कंपनी आलीच नाही तर दिवाणी दावा उरतो, आणि साडेतीन हजारांसाठी किती जण कोर्टाच्या चकरा मारतील?

कामगार म्हणून दाद मागायची तर करारापाशीच पाय अडखळतो. करारात तो 'पार्टनर' आहे, नोकर नाही. सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगाराची ओळख मान्य केली, पण तिचा भर विमा आणि कल्याण निधीवर आहे, अडकलेल्या पेआउटवर नाही. कर्नाटकानं 2025 च्या कायद्यात काम बंद करण्याआधी कारणासह 14 दिवसांची लेखी नोटीस ठेवली आणि मोबदला किमान दर आठवड्याला द्यायचं बंधन घातलं. आपल्या राज्यालाही हेच कलम हवं. त्यात आणखी एक ओळ हवी: खातं बंद झालं तरी झालेल्या कामाचा हिशेब ठरलेल्या दिवशी चुकता करावा.

बाराव्या दिवशी त्याच्या बँकेत 3,500 रुपये जमा झाले. आयडी परत मिळाली नाही, बोनसबद्दल उत्तर नाही, आणि कोणता नियम मोडला हे अजूनही कोणी सांगितलेलं नाही. आता तो दुसऱ्या अ‍ॅपवर काम करतो. रात्री घरी आला की हेल्मेट काढायच्या आधी कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट काढतो.