टॅगमागचं दुकान

इन्स्टाग्रामवर खणाच्या कुर्तीचा मस्त फोटो दिसतो. त्यावर बोट टेकवलं की नाव आणि किंमत लिहिलेली छोटीशी पट्टी उमटते. आपल्याला वाटतं, दुकानदाराने फोटोवरच किंमत लिहून ठेवलीय. तसं नसतं, मंडळी! तो आधी कॅटलॉग भरतो. म्हणजे एक साधी यादीच: वस्तूचा नंबर, नाव, फोटो, किंमत, माल आहे की संपला. टॅग त्या यादीतल्या एका ओळीकडे फक्त बोट दाखवतो. म्हणूनच जुन्या पोस्टखाली ‘फक्त १,२०० रुपये’ असं लिहिलेलं असतं आणि टॅग म्हणतो १,४५०. यात लबाडी असेलच असं नाही. यादीत किंमत बदलली की टॅग आपोआप बदलतो, खालचा मजकूर मात्र कोणी हाताने बदलेपर्यंत तसाच राहतो.

पण खरा फंडा पुढेच आहे. टॅगवरून पुढे गेलं की एक तर दुकानाची वेबसाइट उघडते, नाही तर छोट्या दुकानांचा ‘मेसेज करा’ असा मामला असतो.

वेबसाइटवर मीडियम साइझ निवडून पैसे भरले की ऑर्डर नंबर मिळतो आणि दुकानाच्या हिशेबात तीनाच्या दोन कुर्त्या होतात. कधी टॅग ‘आहे’ म्हणतो आणि चेकआउटला ‘सोल्ड आउट’ दिसतं. कारण कॅटलॉग बरेचदा ठरावीक वेळानेच ताजा होतो. अशा वेळी वेबसाइटचं खरं मानायचं.

मेसेजच्या वाटेवर असा हिशेब कोणी ठेवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ट भरून पाठवली तरी दुकानदाराला मिळतो तो नुसता मेसेज: वस्तू, नग आणि अंदाजे रक्कम. आपल्यासाठी काहीही बाजूला काढलं जात नाही. आमच्या ऑफिसातल्या एकीने ‘मीडियम आहे का?’ विचारलं, ‘आहे’ आलं, पाठोपाठ क्यूआर कोडही आला. तिने १,४५० रुपये भरले. अर्ध्या तासाने उत्तर, ‘सॉरी ताई, शेवटचा पीस गेला.’ दुसऱ्या चॅटमधल्या कुणीतरी आधी पैसे भरले होते! यूपीआयने पाठवलेले पैसे आपल्याला परत ओढून घेता येत नाहीत, दुकानदारानेच ते उलट पाठवावे लागतात. तिचे आले नवव्या दिवशी, तेही तीनदा आठवण केल्यावर.

म्हणून मेसेजवर खरेदी करताना मी आधी त्याच चॅटमध्ये साइझ, कुरिअरसकट एकूण रक्कम आणि ‘माझ्यासाठी ठेवलाय’ हे लिहून घेते. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव दुकानाशी जुळतंय का, तेही बघते. जुळलं नाही तर सरळ विचारते.

एवढी कटकट असूनही मला मेसेजवाली दुकानं आवडतात. कुर्तीची बाही दोन इंच वाढवून द्याल का, हे वेबसाइटच्या चेकआउटला कसं विचारणार?