रिझर्व्ह बँकेने २.२ लाख कोटींचे रोखे घेतले. जळगाव-धुळ्यात त्यातले काय पोहोचले?

१४ एप्रिल २०२१च्या रात्री राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. दुसऱ्या दिवशी जळगावच्या सराफ बाजाराची शटर खाली होती. त्याच दिवशी, १५ एप्रिलला, मुंबईत रिझर्व्ह बँकेने २५ हजार कोटी रुपयांचे सरकारी रोखे विकत घेतले. ‘जी-सॅप’ नावाच्या योजनेतली ही पहिली खरेदी होती. सप्टेंबरअखेर ती २.२ लाख कोटींवर गेली.

अमेरिकेत किंवा जपानमध्ये अशा खरेदीला ‘क्वांटिटेटिव्ह इझिंग’ म्हणजे ‘क्यूई’ म्हणतात. व्याजदर शून्याजवळ आले आणि आणखी कमी करायला जागा उरली नाही की तिथल्या मध्यवर्ती बँका हा मार्ग धरतात. भारतात रेपो दर ४ टक्के होता, त्यामुळे हा हुबेहूब क्यूई नव्हता, पण यंत्रणा तीच होती. तिचा सर्वाधिक लाभ सरकारला झाला. खान्देशातल्या छोट्या उद्योजकापर्यंत तो फारसा पोहोचणार नाही, हे योजनेच्या रचनेतच होते.

नोटा छापल्या का?

नाही. बँकांकडे सरकारी रोखे असतात. रिझर्व्ह बँक लिलाव जाहीर करते, बँका ‘ई-कुबेर’ या प्रणालीवर किंमत सांगतात. बोली मान्य झाली की रोखे रिझर्व्ह बँकेकडे जातात आणि त्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावर तेवढी रक्कम जमा होते. हा पैसा फक्त नोंदीच्या रूपात तयार होतो. सरकारकडून थेट नवे रोखे घेण्याला साधारण परिस्थितीत कायद्याने मनाई आहे, म्हणून ही खरेदी बाजारातून होते.

त्याने व्याज कसे उतरते?

समजा, १०० रुपयांचा रोखा आहे. तो दहा वर्षे दरवर्षी ६ रुपये व्याज देतो आणि शेवटी १०० रुपये परत करतो. म्हणजे परतावा ६ टक्के. आता मोठा खरेदीदार आल्यामुळे तोच रोखा १०३ रुपये ७७ पैशांना विकला जाऊ लागला. नव्या खरेदीदाराला व्याज तेच ६ रुपये मिळणार, पण मोजावे लागले जास्त. त्याचा परतावा साडेपाच टक्क्यांवर येतो. किंमत वाढली की परतावा घटतो.

सरकार पुढचे कर्ज याच परताव्याच्या आसपास उचलते. मोठ्या कंपन्यांच्या रोख्यांचे व्याजही त्याच्याच मागे फिरते. कर्ज स्वस्त झाले की सरकार आणि कंपन्या खर्च करतील, त्यातून मागणी वाढेल, हा पहिला मार्ग. रोख्यात फार मिळत नाही म्हणून पैसा शेअर, घर, सोन्याकडे वळेल. त्यांच्या किमती वाढल्या की लोक हात सैल सोडतील, हा दुसरा. तिसरा मार्ग विश्वासाचा. ‘एका तिमाहीत १ लाख कोटींची खरेदी करू’ असे आधीच सांगितले की बाजाराची धास्ती कमी होते. जी-सॅपचे वेगळेपण या आगाऊ हमीतच होते.

पहिला मार्ग कुठे अडला?

२०२१-२२ मध्ये केंद्र सरकारला बाजारातून सुमारे १२ लाख कोटी उचलायचे होते. एवढे कर्ज बाजारात आले की परतावा वर जातो. जी-सॅपनंतर दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा ६.२ टक्क्यांजवळून मेअखेर ६ टक्क्यांच्या आसपास आला. आकडा छोटा दिसतो, पण १२ लाख कोटींवर ०.२ टक्का म्हणजे वर्षाला २,४०० कोटी. सरकारचे काम झाले.

आता जळगाव एमआयडीसीतला एखादा डाळमिलवाला घ्या. त्याचे खेळत्या भांडवलाचे कर्ज बँकेत आहे. ऑक्टोबर २०१९ पासून लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे बाह्य निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, जोडलेली आहेत. जी-सॅपने रोख्यांचा परतावा हलवला, रेपो दर हलवला नाही. तो मे २०२० पासून ४ टक्क्यांवरच होता. म्हणजे रिझर्व्ह बँकेने कितीही रोखे घेतले तरी या माणसाच्या व्याजाचा पाया तसाच राहिला. बँकेने वरचे मार्जिन कमी केले तरच त्याला फरक पडला असता.

‘बँका पैसा दाबून बसल्या’ हे खरे का?

सप्टेंबर २०२१ मध्ये बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेली जादा रक्कम सरासरी ९ लाख कोटी होती. स्थिर रिव्हर्स रेपोवर त्यांना ३.३५ टक्के मिळत होते. यावरून बँकांना दोष देणे सोपे आहे, पण ते अर्धवट आहे. एका बँकेने कर्ज दिले की तो पैसा दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून येतो आणि तिच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावर दिसतो. बँकांनी कर्जे वाटली तरी हा ढीग जवळपास तेवढाच राहतो.

खरी कसोटी कर्जवाढीची आहे. २०२१च्या मध्यात ती ६ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. शटर बंद असताना दुकानदार कर्ज घेऊन माल भरत नाही आणि त्याची परतफेड होईल का, अशी शंका असलेली बँकही द्यायला धजत नाही. स्वस्त पैसा या दोन्ही अडचणी सोडवत नाही.

दुसरी अडचण ज्या योजनेने सोडवली, ती आपत्कालीन कर्ज हमी योजना. मे २०२० मध्ये ३ लाख कोटींपासून सुरू झालेल्या या योजनेत कर्ज बुडाले तर भरपाईची हमी केंद्राची होती. बँकेची भीती थेट तिथे कमी झाली.

किंमत कोणी मोजली?

धुळ्यातल्या निवृत्त शिक्षकाची १० लाखांची मुदतठेव धरा. दर ६ वरून ५ टक्क्यांवर आला तर वर्षाला १० हजार रुपये कमी. मे २०२१ मध्ये किरकोळ महागाई ६.३ टक्के होती, म्हणजे त्याची ठेव प्रत्यक्षात झिजत होती. दर उतरण्यात रेपो कपातीचा वाटा मोठा होता, पण बँकांकडे पैशाचा पूर असताना ठेवीदाराला जास्त व्याज कोण देणार? उलट, ज्याच्याकडे शेअर होते त्याने सेन्सेक्स सप्टेंबरमध्ये ६० हजारांपार जाताना पाहिला. दुसरा मार्ग चालला तो आधीच मालमत्ता असलेल्यांसाठी.

८ ऑक्टोबर २०२१ रोजी गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जी-सॅप थांबवल्याचे जाहीर केले. तोवर परतावा पुन्हा ६.२ टक्क्यांच्या वर गेला होता. खनिज तेल आणि अमेरिकी व्याजदर चढले की खरेदीचा असर असा विरतो.

सरकारला संकटात स्वस्त कर्ज मिळाले नसते तर मदतीचा खर्च आणखी अवघड झाला असता, त्यामुळे खरेदी चुकीची नव्हती. मात्र तिला ‘छोट्या उद्योगांना दिलासा’ म्हणणे चुकीचे. पुढच्या वेळी लाख कोटींची अशी घोषणा झाली, तर सोबत कर्जहमी आहे का आणि ज्येष्ठांच्या ठेवींसाठी काय तरतूद आहे, हे आधी विचारले पाहिजे. त्याशिवाय डाळमिलवाल्याचा हप्ता तोच राहील आणि शिक्षकाचे व्याज मात्र घटेल.