आधी हिशोब दाखवा

"सही तुम्हीच केली होती ना, मॅडम?" मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्या बाईला एचआरच्या टेबलासमोर पहिलं वाक्य हेच ऐकावं लागतं. नोकरी घेताना हातावर ठेवलेला जॉइनिंग बोनस आता परत द्या, तोही सगळाच्या सगळा, कारण सही तुमची आहे. हे ऐकलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी गप्प होतात आणि मग विनवणीचं पत्र लिहायला बसतात: घरची अडचण आहे, मूल लहान आहे, कृपया सहानुभूतीने विचार करावा.

माझं भांडण या दोन्हींशी आहे. त्या टेबलाशी आहे आणि त्या पत्राशीही आहे. मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलं आहे. बोनसची वसुली कागदावर कशी चढते आणि कशी उतरते, हे मी आतून पाहिलं आहे. म्हणून सांगते, ही रक्कम म्हणजे दंड नाही आणि तिची सूट म्हणजे भीक नाही. तो एक दावा आहे, आणि दावा करणाऱ्याने हिशोब दाखवायचा असतो.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं प्रकरण सांगते. ती पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. १ जून २०२४ ला ती रुजू झाली. पहिल्या पगाराबरोबर तिला ३,००,००० रुपये बोनस मिळाला. अट अशी की २४ महिन्यांच्या आत स्वतःहून नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत. वर्षभराने कंपनीने तिच्या गटाला अमेरिकेच्या वेळेवर टाकलं. म्हणजे काम संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपणार. घरी दीड वर्षाची मुलगी. तिने दिवसपाळी मागितली, मिळाली नाही. तिने नोटीस दिली आणि ३० सप्टेंबर २०२५ हा तिचा शेवटचा दिवस ठरला. म्हणजे सोळा महिने पूर्ण, आठ शिल्लक.

कंपनीने मागितले ३,००,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३,५४,०००.

राजीनाम्याचा मसुदा तिने आम्हाला दाखवला तेव्हा त्यात कारण लिहिलं होतं, "कौटुंबिक अडचणीमुळे". आम्ही तो तिथेच थांबवला. का, ते नीट समजून घ्या. एकदा का बाईने स्वतःच्या हाताने "वैयक्तिक कारण" लिहिलं की कंपनीचं काम झालं. करार मोडला तो बाईने, तिच्या घरासाठी, असं ते रेकॉर्डवर बसतं. पुढे तुम्ही कितीही सांगा की कामाची वेळ तुम्ही बदललीत, तर उत्तर येतं की राजीनाम्यात तसं काही म्हटलेलं नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की भांडण नको, निघताना चांगलं बोलून निघावं. या चांगुलपणाची किंमत इथे तीन लाख होती.

तिने कारण बदललं. म्हणजे खोटं लिहिलं नाही, खरं ते लिहिलं: नेमणुकीच्या वेळी काम दिवसपाळीचं होतं, अमुक तारखेच्या ईमेलने ते रात्रपाळीचं केलं गेलं, त्याला माझी संमती नव्हती, दिवसपाळीची मागणी अमुक तारखेला नाकारली गेली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत स्त्री कामगाराला कामाला लावायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोयही करावी लागते. संमती लागते याचा अर्थ नकार देता येतो. मग नकार देणाऱ्या बाईला नोकरी सोडावी लागली, तर तिने "स्वतःहून" सोडली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? हा कायदा व्यवस्थापकीय पदांना लागू नाही. पण ती टेस्टर होती, कुणाची व्यवस्थापक नव्हती.

आता हिशोबाकडे येऊ. पत्रात तिने तीन गोष्टी क्रमाने मांडल्या.

पहिली, जीएसटी. हा तर सरळसरळ चुकीचा होता. मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याकडून केलेल्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. परिपत्रकाचा क्रमांक १७८/१०/२०२२. हा क्रमांक लिहून पाठवल्यावर ५४,००० रुपये दोन दिवसांत गळून पडले. कुणी चूक झाली म्हणालं नाही, फक्त नवा तक्ता आला.

दुसरी, प्रमाण. चोवीस महिन्यांपैकी सोळा महिने काम झालं. त्या सोळा महिन्यांची किंमत शून्य कशी? तेविसाव्या महिन्यात जाणारीही पूर्ण रक्कम देणार आणि दुसऱ्या महिन्यात जाणारीही पूर्ण देणार, तर या आकड्याचा कंपनीच्या नुकसानीशी संबंधच उरत नाही. तो फक्त धाकासाठी ठेवलेला आकडा ठरतो. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम म्हणतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, आणि मिळते ती वाजवी भरपाई. तिने लिहिलं: वसुली पूर्ण माफ व्हावी, कारण कामाची अट तुम्ही बदललीत. ते मान्य नसेल तर उरलेल्या आठ महिन्यांच्या प्रमाणात, म्हणजे १,००,०००.

तिसरी गोष्ट करांची. ही बहुतेक जणींच्या लक्षातच येत नाही. तीन लाख तिच्या हातात कधी आलेच नव्हते. तिची कराची जुनी पद्धत होती आणि उत्पन्न दहा लाखांवर, म्हणून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे ९३,६०० रुपये आधीच कापले गेले. हातात पडले २,०६,४००. आणि कंपनी मागते तीन लाख! म्हणजे न मिळालेले पैसेही तिनेच परत करायचे. त्याच आर्थिक वर्षात, ३१ मार्चच्या आत नोकरी सुटली असती, तर पगारखात्याला ती वसुली पगारातून वजा दाखवून कर कमी कापता आला असता. पण बोनस २०२४-२५ चा, आणि ती निघाली २०२५-२६ मध्ये. गेलेल्या वर्षाचा कर भरून, विवरणपत्र देऊन मोकळी झालेली बाई तो कर सहज परत मिळवू शकत नाही. म्हणून तिने मागितलं की एक लाखातून त्यावरचा ३१,२०० कर वजा करून ६८,८०० च घ्या.

आता कुणी म्हणेल, असले करार बेकायदेशीरच असतात, एक पैसा देऊ नका. असं सांगणाऱ्या मंडळींपासून सावध राहा. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. भरतीची लांबलचक आणि खर्चिक प्रक्रिया सरकारी बँकेला पुन्हा करावी लागते, आणि त्याच्या पदाच्या पगाराकडे पाहता ती रक्कम नोकरी सोडणंच अशक्य करणारी नव्हती, असं न्यायालयाने पाहिलं. आपल्या प्रकरणात कंपनी आणखी एक गोष्ट म्हणू शकते: हा दंडच नाही, अटीवर दिलेले पैसे आम्ही परत मागतोय. हा मुद्दा पोकळ नाही. म्हणूनच आपली बाजू "करार रद्द" या घोषणेवर उभी करायची नाही. काम किती केलं, अट कुणी बदलली आणि हातात किती आलं, या तीन गोष्टींवर ती उभी राहते. त्याच कारणासाठी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली तर ती फेकून द्यायची नाही, तिला लेखी उत्तर द्यायचं.

कंपनीची खरी पकड कोर्टात नसतेच. ती असते रिलीव्हिंग लेटरमध्ये. नवी कंपनी ते मागते, आणि जुनी ते अडवून धरते. तेवढ्यासाठी बायका घाईने पैसे भरतात. म्हणून पत्रात वेगळी ओळ हवी: रकमेबद्दल मतभेद असला तरी मी काम केल्याचं पत्र अडवू नये, आणि अखेरच्या हिशोबाचा बाबवार तक्ता द्यावा. पैसे भरावेच लागले तर "हरकत नोंदवून भरत आहे" असं लिहून भरा. आणि बोलणी चालू असताना "माझ्याकडे इतकं देणं आहे" असं एकाही ईमेलमध्ये लिहू नका. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा: "आज आपलं असं बोलणं झालं".

पाच आठवड्यांनी मिटलं. कंपनीने पूर्ण माफी दिली नाही. प्रमाण मान्य केलं, एक लाख. चार महिन्यांच्या समान हप्त्यांनी. पहिल्या हप्त्याबरोबर रिलीव्हिंग लेटर, आणि शेवटच्या हप्त्यानंतर कोणतंही येणं-देणं उरलं नाही असं लेखी. करांचा मुद्दा त्यांनी फेटाळला. "कर तुमच्या नावावर भरलाय, तो तुम्ही आणि सरकार बघा." तिने तो तिथे सोडला, कारण नवी नोकरी पुढच्या सोमवारी सुरू होत होती. म्हणजे ३,५४,००० वरून १,००,००० वर आलं, तरी ३१,२०० रुपये तिने कधी न मिळालेल्या पैशांपोटी भरले. हिशोबाचं काम करणारी बाई म्हणून मला या आकड्याचा राग अजून आहे.

हा राग पुढच्या नेमणूकपत्रापर्यंत न्यायचा आहे. बोनस देऊ केला जातो तेव्हा कंपनीला आपली गरज असते. तेव्हाच चार ओळी घालून घ्या: वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हातात आलेल्या रकमेवर, नोटीसचा काळ मुदतीत धरून, आणि कामाची वेळ, जागा किंवा स्वरूप कंपनीने बदललं तर वसुली नाही. नव्या नोकरीत आमच्या मैत्रिणीने या चारही मागितल्या. तीन मिळाल्या. हातात आलेल्या रकमेची ओळ तिथेही कुणी द्यायला तयार झालं नाही. ती ओळ आपण सगळ्याजणींनी मागायला लागलो की मग पाहू, किती दिवस नाही म्हणतात ते.