परीक्षकांनी तोंड बंद ठेवावं

‘माणूस दारातून आत आला की मला कळतं’ असं म्हणणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांची जमात जगभर सारखीच. कॅनडात येऊन राहिलो म्हणून तिच्या तावडीतून सुटलो, असं समजू नका. इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश-मुलाखतींना मी नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून बसतो. हे त्रिकालज्ञ तिथे दरवर्षी भेटतात. गंमत म्हणजे ज्या पद्धतीचे रखवालदार म्हणून ते मिरवतात, ती पद्धत मुळात त्यांच्याच बंदोबस्तासाठी काढलेली आहे.

तिचं नाव मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात केव्हिन ईव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि 2004 मध्ये जगापुढे मांडली. कल्पना उसनी, आणि तसं त्यांनी लपवलंही नाही. डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी 1975 मध्ये डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी जी ‘ऑस्की’ आणली, तिचाच हा प्रवेशासाठीचा अवतार. दहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक परीक्षक. दाराबाहेर लावलेला प्रसंग वाचायला दोन मिनिटं, आत बोलायला आठ. घंटा झाली की पुढचं दार. ‘स्वतःबद्दल सांगा’ वगैरे काही नाही. काकांचं हॉस्पिटल आहे का, हेही परीक्षकाला कळायचं कारण नाही, कारण त्याच्या हातात उमेदवाराची फाईलच नसते.

एवढा उपद्व्याप कशासाठी? कारण एकच मुलगा एका दारात बृहस्पती असतो आणि पुढच्याच दारात ढ. मॅकमास्टरच्या त्या पहिल्या अभ्यासात 117 उमेदवार होते. मुला-मुलांमधल्या फरकापेक्षा, एकाच मुलाचा खोली बदलल्यावर होणारा चढउतार मोठा निघाला. म्हणजे दारातून आत येताक्षणी आमच्या साहेबांना जे ‘कळतं’ ते बहुतांशी त्या दाराबद्दल असतं, मुलाबद्दल नव्हे.

यावर उपाय म्हणजे दहा वेगळ्या खोल्या आणि दहा स्वतंत्र अज्ञानं. हो, अज्ञानंच! पहिल्याला मुलगा चुणचुणीत वाटला, चौथ्याला आगाऊ, सातव्याला त्याची आत्या आठवली. या चुका एकमेकींना ओळखत नसल्या तरच बेरजेत बऱ्याचशा जिरून जातात. आता मधल्या सुटीत कॉफीच्या टेबलावर साहेब सहज म्हणतात, ‘ती निळ्या कोटातली मुलगी, काय विलक्षण!’ झालं. ती मुलगी ज्यांच्या खोलीत अजून यायची आहे त्या सगळ्यांच्या डोळ्यांवर निळा चष्मा चढतो. कागदावर दहा गुण दिसतात, पण त्यातला एकच मूळ, बाकीच्या झेरॉक्स. आणि लबाडी बघा, गुण एकमेकांशी जुळले की हेच लोक खूश होऊन म्हणतात, ‘पाहा, परीक्षकांत किती एकवाक्यता!’

बरं, खोलीतल्या गुणपत्रिकेचं काय? तिच्यावर रुब्रिक असतं, म्हणजे कशाला किती गुण आणि का, याची लेखी कसोटी. मॅकमास्टरचा एक जुना, जाहीर झालेला प्रसंग घ्या. एक डॉक्टर थकवा, डोकेदुखी असल्या किरकोळ तक्रारींसाठी होमिओपॅथिक औषधं सुचवतो. स्वतः त्याचा त्यांवर काडीचाही विश्वास नाही. पण अपाय तर होत नाही आणि रुग्णाला धीर येतो, असं त्याचं म्हणणं. यातले नैतिक प्रश्न सांगा.

मराठी वाचकाला इथे गुदगुल्या होणारच, कारण साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली आपल्या घराघरांत. परीक्षकाच्या घरातही ती असू शकते! म्हणून कसोटीत मुलगा कोणत्या बाजूचा हे मोजायचं नसतं. रुग्णाला खरं कळण्याचा हक्क त्याला दिसला का, धीर देणं आणि फसवणं यांच्यातली सीमारेषा त्याने शोधली का, समोरच्याने उलटा प्रश्न टाकल्यावर तो विचार करू लागला की पाठ केलेलं म्हणू लागला, हे मोजायचं. चांगल्या कसोटीत 2 गुणांचं उत्तर कसं असतं आणि 8 गुणांचं कसं, हे या प्रसंगापुरतं वाक्यांत लिहिलेलं असतं. वाईट कसोटीत ‘असमाधानकारक, समाधानकारक, उत्कृष्ट’ अशी विशेषणांची उतरंड असते. तिच्या आडून परीक्षक खुशाल आपल्या गोळ्यांची बाजू घेतो.

कसोटी दुबळी वाटली की समितीला एकच औषध सुचतं: रकाने वाढवा. संवाद, सहानुभूती, तर्कशुद्धता, परिपक्वता, व्यावसायिक जाणीव. कागद भारदस्त दिसतो. पण पाहा तर खरं, ज्याला संवादात 8 त्याला सहानुभूतीत 8 आणि परिपक्वतेतही 8. परीक्षकाने एकच मत बनवलं आणि पाच वेळा सही केली. आठ मिनिटांत एका माणसाकडून पाच स्वतंत्र गुणांचं मापन होईल, ही श्रद्धा त्या डॉक्टरच्या गोळ्यांपेक्षा वेगळी आहे का?

कडक परीक्षकाला मात्र सगळे उगाच भितात. दहाही खोल्यांतून सगळे उमेदवार जात असतील, तर त्याचे दोन गुण सगळ्यांचेच कापले जातात, क्रम बदलत नाही. घोळ होतो तो एकाच वेळी दोन-तीन रांगा चालवल्या की. मग कडकोबा एकाच रांगेच्या वाट्याला येतो. त्या रांगेतली मुलं काठावर आपटतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. रांगांच्या सरासऱ्या शेजारी मांडल्या तर लागतो. पण मांडतंय कोण?

खरा उपद्रव दयाळू माणसाचा. तो सगळ्यांना 8 देतो. सगळ्यांना 8 म्हणजे कोणालाच काही नाही, त्याची खोली बेरजेतून गुपचूप गळाली. याउलट 1 ते 10 अशी ऐसपैस पट्टी वापरणाऱ्याचं मत बेरजेत दामदुप्पट वजनाचं होतं. प्रत्येक खोलीचे गुण त्या खोलीच्या सरासरी आणि पसाऱ्याच्या मापात आणून मगच बेरीज करणं, हे बारावीच्या संख्याशास्त्राचं काम. आमच्याकडे मात्र कच्चे गुण मिळवतात, दोन दशांशांपर्यंत सरासरी काढतात आणि 7.42 आत, 7.41 बाहेर. त्या दशांशांसमोर हात जोडून उभं राहायची तेवढी बाकी.

यंदा साहेबांनी ‘वस्तुनिष्ठता वाढवण्यासाठी’ ठराव आणला: खोल्या पाच करा, प्रत्येकीत दोन परीक्षक बसवा. मी बैठकीतच पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. मुलांमधल्या खऱ्या फरकाचं विचरण 1 धरा, खोलीगणिक चढउताराचं 2, परीक्षकाच्या लहरीचंही 2. दहा खोल्या, दहा माणसं: चुकीचा वाटा 4 भागिले 10, म्हणजे 0.4, आणि विश्वासार्हता 0.71. पाच खोल्या, दोन-दोन माणसं: लहर दहांत वाटली जाते, पण खोल्यांचा चढउतार पाचांतच. चूक 0.6, विश्वासार्हता 0.63. आणि दहाही जण एकाच लांबलचक टेबलाभोवती बसवले, साहेबांच्या आवडत्या जुन्या मुलाखतीसारखे, तर 0.31. माणसं तेवढीच, चहा तेवढाच.

साहेबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, आकडे ठीक आहेत, पण दोघं बसले की आपसांत चर्चा करून योग्य गुण ठरवता येतात. ठराव एकमताने मंजूर झाला. माझं विरोधी मत इतिवृत्तात नाही, कारण अध्यक्षांच्या मते ते मी अनुभव कमी असल्यामुळे दिलं होतं.