फोटो आला, प्रश्न राहिला

बसच्या छापील वेळापत्रकाचा नुसता फोटो मोबाइलवर येतो, सोबत एक ओळही नाही. परमुलखात गेलेली आपली माणसं असे फोटो हमखास पाठवतात, म्हणून हा अंक आम्ही अशा अबोल फोटोंना दिला आहे.

जपानमधल्या थांब्यावरचा कागद घ्या. एका रकान्यात तास, पुढे नुसती मिनिटं. कामाचे दिवस, शनिवार आणि रविवार-सुट्टी वेगळे. शनिवारी आपल्याकडे दुपारी २:१० ला फोटो आला, तर तिथे ५:४० झालेले असतात. माणूस थांब्यावरच उभा असेल, तर त्याला पुढची बस हवी आहे. शनिवारच्या रकान्यात १७ च्या ओळीत ४० नंतरचा आकडा पाहायचा. नसेल तर १८ ची ओळ. मिनिटाजवळ बारीक खूण दिसली, तर आधी तळटीप समजून घ्यावी, कारण ती बस कदाचित मधल्याच थांब्यावर संपत असेल. भाषांतर लागतं ते तेवढंच. आदल्या रात्री हॉटेलातून आलेला फोटो बहुधा बेत आखण्यासाठी असतो. तिथे हा कागद अपुरा पडतो; त्यावर सुटण्याच्या वेळा असतात, पोहोचण्याच्या नसतात.

आमच्या मते आधी पुढची बस सांगावी, मग ‘कुठे जायचंय?’ एवढंच विचारावं. तुम्ही काय करता, जरूर कळवा.