जाहिरातीतली विचित्र ओळ

नोकरीची जाहिरात वाचताना ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘नेतृत्वगुण’, ‘दडपणाखाली काम’ ही ओळ सरळ ओलांडावी. जी ओळ शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत कुणालाही लागू पडते, ती बहुधा जुन्या जाहिरातीतून उचललेली असते. खरी गरज विचित्र ओळीत सापडते. समजा, भोसरीतल्या एका लघुउद्योगाला लेखा सहायक हवा आहे. पंधरा अपेक्षांच्या गर्दीत एक वाक्य आहे: ‘१४ ते २० तारखेदरम्यान रजा मिळणार नाही.’ हे कुठून उचललेले वाटत नाही. कुणीतरी पोळून लिहिले आहे. पुरवठादारांच्या बिलांवरून तयार होणारे जीएसटीआर-२बी १४ तारखेला येते आणि दरमहा विवरण भरणाऱ्याला ३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. या सहा दिवसांत खरेदीची बिले २बीशी ताडायची, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारामागे लागायचे. नाहीतर त्या कराची वजावट अडकते. म्हणजे मालकाला हवा आहे तो टॅलीत नोंदी करणारा नव्हे, तर बिले जुळवणारा आणि फोनवर चिकाटी धरणारा माणूस.

हा तर्क चुकू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. कदाचित आधीचा सहायक नेमका तेव्हाच गावी जात असेल! म्हणून मुलाखतीत विचारावे, ‘गेल्या महिन्यात किती बिले जुळली नाहीत?’ समोरचा खुर्चीत पुढे सरकला, तर नेम बरोबर. दुसरा आक्षेप असा, की पहिली चाळणी शब्द पाहूनच होते. खरेच आहे, म्हणून आपल्याला येत असलेल्या गोष्टी जाहिरातीच्याच शब्दांत अर्जात लिहाव्यात, पण पहिली ओळ बिलजुळणीची ठेवावी.