कडा नाही, कोपरा बघा!

ग्रुप फोटोत गैरहजर मित्राला चिकटवताना आपण सगळी मेहनत त्याच्या केसांच्या कडांवर घालतो. माझ्या मते चुगली करतो तो फोटोचा कोपरा. जरीपटक्याच्या चौकातला एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स निरखून बघा, टोकाला उभा केलेला पाहुणा शेजाऱ्यापेक्षा उजळ दिसला तर समजून जा!

१८ एमएमवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून काढलेल्या फोटोत कोपऱ्यात प्रकाश कमी पोचतो आणि कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात. मित्र मात्र दुसऱ्या फोटोच्या मध्यातून आलेला, म्हणजे उजळ आणि सरळ. त्याला सरसकट काळा करून भागत नाही, कारण अंधार बाहेरच्या बाजूला वाढत जातो; त्याचा बाहेरचा खांदा आतल्या खांद्यापेक्षा गडद हवा.

म्हणून आधी दोन्ही फोटो फोटोशॉपच्या `Filter > Lens Correction` मधून सरळ आणि उजळ करा, मग मित्र चिकटवा, लेयर एक करा. मूळ लूक हवाच असेल तर शेवटी `Remove Distortion` आणि `Vignette` चा `Amount` थोडे उणे करा. आता दोघांवर एकच लेन्स बसली. तपासायला कर्व्ह्ज तात्पुरता खूप तीव्र करा, शेजारशेजारचे पांढरे शर्ट लगेच खरं सांगतात.

एक मात्र या स्लायडरने जमत नाही राव! वाइड अँगलमध्ये टोकाचे चेहरे आडवे ताणले जातात, तो पर्स्पेक्टिव्हचा खेळ आहे. त्यापेक्षा मित्राला मधेच जागा द्या.